मुलांचा शिक्षण भत्ता आणि होस्टेल भत्ता: करमुक्त किती, करपात्र किती आणि हिशेब कसा मांडायचा

पे स्लिपवर ‘चिल्ड्रन एज्युकेशन अलाउन्स’ आणि ‘होस्टेल अलाउन्स’ अशा दोन ओळी असतात. बऱ्याच जणांची समजूत अशी की या ओळींत जेवढी रक्कम दिसते तेवढी सगळी करमुक्त. काही जण उलट धरून चालतात, की 2018 मध्ये स्टँडर्ड डिडक्शन आले तेव्हा हे भत्ते संपले. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्या वेळी वाहतूक भत्त्याची आणि वैद्यकीय खर्चाच्या परताव्याची सूट गेली. मुलांच्या भत्त्यांची सूट जागेवरच राहिली. फक्त तिची मर्यादा अगदी लहान आहे आणि ती कोणाला, कधी, किती मिळते हे नीट पाहावे लागते.

या लेखातला हिशेब आर्थिक वर्ष 2025-26 चा, म्हणजे 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 या काळातल्या पगाराचा आहे. त्याचे विवरणपत्र कर निर्धारण वर्ष 2026-27 साठी भरायचे असते आणि त्याला आयकर कायदा 1961 लागू होतो. 1 एप्रिल 2026 नंतरच्या पगाराचे काय, ते शेवटी पाहू.

मर्यादा नेमकी किती

कायद्याचे कलम 10(14)(ii) आणि आयकर नियमांतला नियम 2बीबी यांत या दोन भत्त्यांची सूट ठरवून दिली आहे. शिक्षण भत्ता दर मुलामागे दरमहा 100 रुपयांपर्यंत करमुक्त, जास्तीत जास्त दोन मुलांसाठी. होस्टेल भत्ता दर मुलामागे दरमहा 300 रुपयांपर्यंत करमुक्त, तोही जास्तीत जास्त दोन मुलांसाठी.

एकच मूल दोन्ही सवलतींत मोजता येते. होस्टेलमध्ये राहून शिकणाऱ्या मुलासाठी 100 अधिक 300, असे दरमहा 400 रुपये करमुक्त होतात. दोन्ही मुले वर्षभर होस्टेलमध्ये असतील तर वर्षाला 9,600 रुपये. ही कमाल झाली. दोन्ही मुले घरी राहून शाळेत जात असतील तर फक्त शिक्षण भत्त्याचे 2,400 रुपये.

आजची फी आणि मेसचा खर्च पाहता हे आकडे तुटपुंजे आहेत. 100 आणि 300 रुपयांची ही मर्यादा वीस वर्षांहून अधिक काळ जशीच्या तशी राहिली, आणि नोकरदार पालकांवर हा अन्याय झाला असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही मिळते ती सूट सोडून देऊ नये, आणि मिळत नाही ती घेऊ नये. दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडते, कारण तिच्यापाठोपाठ नोटीस येऊ शकते.

सूट मोजण्याचा नियम: दोहोंत जी रक्कम कमी ती

सूट म्हणजे प्रत्यक्ष मिळालेला भत्ता आणि नियमातली मर्यादा, या दोहोंत जी रक्कम कमी ती. हे वाक्य लक्षात राहिले तर निम्मे गोंधळ संपतात.

समजा, कंपनी शिक्षण भत्ता म्हणून दरमहा 2,000 रुपये देते आणि मुले दोन आहेत. मर्यादा 200. करमुक्त 200, उरलेले 1,800 करपात्र. दुसरी कंपनी दोन मुलांसाठी दरमहा 150 रुपयेच देते. मर्यादा 200 असली तरी मिळाले 150, म्हणून सूट 150 चीच. तिसऱ्या कंपनीत असा भत्ताच नाही, सगळी रक्कम ‘स्पेशल अलाउन्स’मध्ये जाते. मुलांची फी लाखभर भरली असली तरी तिथे सूट शून्य. ही सूट भत्त्याला आहे, फीला नाही. पगारात त्या नावाने काही मिळालेच नसेल तर सूट द्यायची कशाला?

एका भत्त्यातली उरलेली जागा दुसऱ्याला वापरता येत नाही. शिक्षण भत्ता मर्यादेपेक्षा कमी मिळाला आणि होस्टेल भत्ता जास्त मिळाला, म्हणून दोन्हींची बेरीज करून 400 ची मर्यादा लावायची, असे चालत नाही. दोन्हींचा हिशेब वेगळा मांडायचा. तसेच मर्यादा महिन्याची आहे. ज्या महिन्यात भत्ता मिळाला आणि मूल त्या अटीत बसत होते, तेवढेच महिने मोजायचे.

खर्च झाल्याच्या पावत्यांबद्दल एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. कलम 10(14) चे दोन भाग आहेत. पहिल्या भागातले भत्ते कामासाठीच्या खर्चाचे असतात, उदाहरणार्थ दौऱ्याचा भत्ता. तिथे जेवढा खर्च खरोखर झाला तेवढीच सूट मिळते. मुलांचे भत्ते दुसऱ्या भागात येतात आणि तिथे मर्यादा ठरावीक रकमेची आहे. म्हणून शंभर रुपये फीवरच खर्च झाले हे पावतीनिशी दाखवायची अट नाही. पण मूल आहे, ते शिकते आहे आणि होस्टेलची सूट घेत असाल तर ते होस्टेलमध्ये राहते आहे, एवढे खरे असायलाच हवे. कंपनीचा पेरोल विभाग त्यासाठी शाळेचा बोनाफाईड दाखला किंवा होस्टेलची पावती मागतो. ती मागणी रास्त आहे.

‘मूल’ या शब्दात दत्तक आणि सावत्र मूलही येते, तशी कायद्याच्या व्याख्येतच तरतूद आहे. नातवंडे, भाचे-पुतणे येत नाहीत, त्यांची फी तुम्ही भरत असलात तरी. इयत्तेची किंवा वयाची अट या नियमात घातलेली नाही, त्यामुळे कॉलेजात शिकणारे मूलही चालते. मुले तीन असतील तर सूट दोघांचीच.

पहिली पायरी: करप्रणाली कोणती, ते आधी ठरवा

ही सूट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत, म्हणजे कलम 115बीएसीमध्ये, मुलांचा शिक्षण भत्ता आणि होस्टेल भत्ता पूर्ण करपात्र आहेत. आर्थिक वर्ष 2023-24 पासून नवी प्रणाली हीच मूळ धरली जाते. वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही कंपनीला काही कळवले नाही, तर टीडीएस नव्या प्रणालीने कापला जातो आणि स्लिपवर भत्ता दिसत असूनही सूट शून्य लागते. ‘भत्ता आहे, मग फॉर्म 16 मध्ये सूट का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते.

जुनी प्रणाली निवडावी का, याचा निर्णय मात्र या भत्त्यांवरून कधीच करू नये. नव्या प्रणालीत स्टँडर्ड डिडक्शन 75,000 आहे, जुन्यात 50,000. हा 25,000 चा फरकच मुलांच्या भत्त्यांच्या कमाल 9,600 च्या अडीच पटीहून जास्त आहे. शिवाय 2025-26 साठी नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर कलम 87ए ची सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे फक्त पगाराचे उत्पन्न असलेल्याला 12,75,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर काही भरावे लागत नाही. त्या टप्प्यातल्या बहुतेकांसाठी जुन्या प्रणालीचा विचार करायचे कारणच उरत नाही.

जुनी प्रणाली परवडते ती मुख्यतः ज्यांचा पगार याहून बराच वर आहे आणि ज्यांच्याकडे घरभाडे भत्त्याची मोठी सूट, गृहकर्जाचे व्याज, 80सी, 80डी असे सगळे एकत्र आहे त्यांना. तिथे मुलांचे भत्ते शेवटची भर घालतात.

दुसरी पायरी: स्लिपमध्ये भत्ता वेगळा आहे का

वर्षाच्या बाराही स्लिपा काढून पाहा. एकच स्लिप पाहू नका, कारण पगारवाढीच्या वेळी घटक बदलतात. भत्ता वेगळ्या नावाने दिसला पाहिजे. तो नसेल आणि पुढच्या वर्षी जुन्या प्रणालीत राहायचे असेल, तर एचआरला ‘स्पेशल अलाउन्स’मधून एवढी रक्कम वेगळी काढून द्यायला सांगता येते. एकूण सीटीसी तेवढीच राहते, कंपनीचा खर्च वाढत नाही, म्हणून बऱ्याच कंपन्या ते मान्य करतात. पण हा बदल पुढच्या महिन्यांपुरताच करता येतो. मागच्या महिन्यांच्या स्लिपा बदलून सूट मागणे गैर आहे.

इथे आणखी एक फरक ओळखायला हवा. कंपनी तुम्हाला रोख भत्ता देते आहे, की मुलाची फी थेट शाळेत भरते आहे? थेट भरलेली फी हा भत्ता नाही, ती परक्विझिट म्हणजे सोयीची रक्कम धरली जाते आणि तिला नियम 3 लागू होतो. कंपनीने स्वतः चालवलेल्या शाळेत, किंवा नोकरीमुळे दुसऱ्या संस्थेत मोफत शिक्षण मिळत असेल, तर दर मुलामागे दरमहा 1,000 रुपयांपर्यंतच्या खर्चावर कर नाही. साखर कारखान्यांच्या आणि मोठ्या उद्योगांच्या वसाहतींत अशा शाळा असतात, म्हणून त्याचा उल्लेख केला. 100 रुपयांच्या नियमाशी त्याची सरमिसळ करू नये.

तिसरी पायरी: मुलागणिक, महिन्यागणिक तक्ता

आता एक पूर्ण उदाहरण घेऊ. नाशिकमध्ये खासगी कंपनीत काम करणाऱ्या एक बाई. मुले दोन: धाकटा घरी राहून सहावीत, थोरली अकरावीसाठी कोल्हापूरला गेली आणि जुलै 2025 पासून तिथे होस्टेलमध्ये राहते. बाई नाशिकला भाड्याने राहतात. जळगावला त्यांचे स्वतःचे घर आहे, तिथे आई-वडील राहतात, आणि त्या घरावर गृहकर्ज चालू आहे.

त्यांच्या पगाराचे दरमहाचे घटक असे: मूळ वेतन 60,000, घरभाडे भत्ता 24,000, शिक्षण भत्ता 200, होस्टेल भत्ता 600, स्पेशल अलाउन्स 45,200. एकूण 1,30,000, म्हणजे वर्षाला 15,60,000.

शिक्षण भत्ता सोपा आहे. दोन्ही मुले वर्षभर शिकत होती. मिळाले 200 गुणिले 12, म्हणजे 2,400. मर्यादाही 2,400. सगळे करमुक्त.

होस्टेल भत्त्यात कंपनीने दोन मुले धरून दरमहा 600 दिले, म्हणजे वर्षाला 7,200. पण होस्टेलमध्ये एकच मुलगी आहे, तीही जुलै ते मार्च असे 9 महिने. म्हणून सूट 300 गुणिले 9, म्हणजे 2,700. उरलेले 4,500 करपात्र. धाकटा होस्टेलमध्ये नाही, त्यामुळे त्याच्या नावाचे 300 करमुक्त होत नाहीत.

दोन्ही मिळून करमुक्त रक्कम 5,100 रुपये. प्रत्येक मुलाची ओळ आणि बारा महिन्यांचे रकाने आखून तक्ता भरला की हा आकडा चुकत नाही. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल तर तो अधिकच उपयोगी पडतो, कारण दोन्ही कंपन्यांच्या स्लिपा एकाच तक्त्यात बसतात आणि एकाच महिन्याची सूट दोनदा मोजली जात नाही.

चौथी पायरी: करपात्र पगार काढणे

आता बाकीच्या वजावटी. घरभाडे दरमहा 25,000. घरभाडे भत्त्याच्या सूटीसाठी तीन रकमांत सर्वांत कमी ती घ्यायची: मिळालेला भत्ता 24,000, मूळ वेतनाच्या 40 टक्के म्हणजे 24,000, किंवा भाडे वजा मूळ वेतनाच्या 10 टक्के म्हणजे 19,000. सर्वांत कमी 19,000, वर्षाचे 2,28,000.

15,60,000 मधून घरभाड्याची सूट 2,28,000 आणि मुलांच्या भत्त्यांची 5,100 वजा केली की 13,26,900 उरतात. त्यातून स्टँडर्ड डिडक्शन 50,000 आणि व्यवसाय कर 2,500 वजा जाता पगाराचे उत्पन्न 12,74,400. जळगावच्या घराच्या कर्जाचे व्याज 2,00,000. मग 80सी चे 1,50,000, आरोग्य विम्याचे 25,000 आणि एनपीएसचे जादा 50,000. शेवटी करपात्र उत्पन्न 8,49,400 रुपये.

या उत्पन्नावर जुन्या दराने कर असा: पहिल्या अडीच लाखांवर काही नाही, पुढच्या अडीच लाखांवर 5 टक्क्यांनी 12,500, आणि 5 लाखांवरच्या 3,49,400 वर 20 टक्क्यांनी 69,880. बेरीज 82,380. त्यावर 4 टक्के उपकर धरून सुमारे 85,675.

मुलांच्या भत्त्यांची सूट घेतलीच नसती तर करपात्र उत्पन्न 8,54,500 झाले असते आणि कर 86,736. फरक सुमारे 1,061 रुपये. 5,100 ची सूट म्हणजे 5,100 ची बचत नव्हे. सूट उत्पन्नातून वजा होते, कर वाचतो तो त्या रकमेवरच्या दराइतकाच. 20 टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह 20.8 टक्के, 30 टक्क्यांच्या टप्प्यात 31.2 टक्के. कमाल 9,600 ची सूट पूर्ण मिळाली तरी या दोन टप्प्यांत अनुक्रमे सुमारे 1,997 आणि 2,995 रुपयेच वाचतात.

याच बाईंचा नव्या प्रणालीत कर किती? 15,60,000 वजा 75,000, म्हणजे 14,85,000. चार ते आठ लाखांवर 20,000, आठ ते बारा लाखांवर 40,000, बारा लाखांवरच्या 2,85,000 वर 15 टक्क्यांनी 42,750. बेरीज 1,02,750, उपकरासह 1,06,860. जुनी प्रणाली त्यांना सुमारे 21,185 रुपयांनी स्वस्त पडते. पण त्यातले गृहकर्जाचे व्याज काढून पाहा: जुन्या प्रणालीतले उत्पन्न 10,49,400 होते आणि कर सुमारे 1,32,413. मग नवी प्रणाली साडेपंचवीस हजारांनी स्वस्त ठरते, आणि मुलांचे भत्ते आपोआप पूर्ण करपात्र होतात. निर्णय फिरवला तो व्याजाने. भत्त्यांना ते बळ नाही.

फी आणि 80सी: एकाच मुलावर दोन सवलती

बाईंच्या 80सी मध्ये त्यांच्या भविष्य निर्वाह निधीचे दरमहा 7,200 प्रमाणे 86,400 आहेत. उरलेले 63,600 मुलांच्या ट्यूशन फीतून भरले. शिक्षण भत्त्याची सूट घेतली म्हणून 80सी मधली फी बाद होते का, हा प्रश्न नेहमी येतो. होत नाही. एक सूट मिळालेल्या भत्त्यावर आहे, दुसरी वजावट भरलेल्या फीवर. दोन्ही वेगळ्या तरतुदी आहेत आणि एकाच मुलासाठी दोन्ही घेता येतात.

मात्र 80सी मध्ये फक्त ट्यूशन फी चालते, तीही भारतातल्या शाळा, कॉलेज किंवा विद्यापीठातल्या पूर्णवेळ शिक्षणाची, आणि दोनच मुलांची. डेव्हलपमेंट फी, देणगी, बसभाडे, होस्टेलची फी, मेस यांतले काही चालत नाही. शाळेच्या पावतीवर हे सगळे एकाच बेरजेत असते, म्हणून पावतीतली ट्यूशन फीची ओळ वेगळी वाचावी लागते. खासगी क्लासची फीही बसत नाही. होस्टेलच्या खर्चावर पगारदाराला मिळणारा दिलासा म्हणजे तो 300 रुपयांचा भत्ताच.

पाचवी पायरी: कंपनीकडे आणि विवरणपत्रात

वर्षाच्या सुरुवातीच्या डिक्लरेशनमध्ये जुनी प्रणाली निवडा आणि मुलांची माहिती भरा: किती मुले, कोण होस्टेलमध्ये, कधीपासून. वर्षामध्ये बदल झाला की कळवा. जानेवारी-फेब्रुवारीत पुरावे मागतात तेव्हा बोनाफाईड आणि होस्टेलची पावती द्या. मग फॉर्म 16 च्या भाग ब मध्ये कलम 10 खाली सूट दिलेल्या भत्त्यांच्या यादीत ही रक्कम दिसते. ती तुमच्या तक्त्याशी ताडून पाहा.

विवरणपत्र भरताना आधी करप्रणाली जुनी निवडायची. धंद्याचे उत्पन्न नसेल तर ही निवड विवरणपत्रातच करता येते, असेल तर त्यासाठी वेगळा फॉर्म 10-आयईए भरावा लागतो. एकूण पगारात भत्त्यांची पूर्ण रक्कम आधी धरायची. बाईंच्या बाबतीत 15,60,000 मध्ये त्यांचे 2,400 आणि 7,200 दोन्ही आहेत. मग सूट मिळालेल्या भत्त्यांच्या यादीत `10(14)(ii)` ने सुरू होणारा पर्याय निवडून 5,100 लिहायचे. त्याच यादीत `10(14)(i)` असाही पर्याय आहे. तो कामाच्या खर्चाचा आहे, तो निवडू नका.

कंपनीने नव्या प्रणालीने टीडीएस कापला असेल तरी विवरणपत्रात जुनी निवडता येते आणि जास्त कापलेला कर परत मिळतो. अट एकच: विवरणपत्र मुदतीत भरायचे. पगारदारांसाठी ती सहसा 31 जुलै असते. मुदत चुकली आणि उशिराचे विवरणपत्र भरले, तर जुन्या प्रणालीचा पर्यायच राहत नाही. मुलांचे भत्ते, घरभाडे, गृहकर्जाचे व्याज, सगळ्यावर एकदम पाणी सोडावे लागते. बाईंच्या हिशेबात त्या एका दिवसाची किंमत 21,185 रुपये अधिक उशिराचे शुल्क.

फॉर्म 16 मध्ये सूट दिसत नसेल पण स्लिपमध्ये भत्ता असेल, तर विवरणपत्रात ती घेता येते. मात्र फॉर्म 16 आणि विवरणपत्र यांत तफावत दिसली की आयकर विभागाकडून खुलासा मागणारी सूचना येऊ शकते. तेव्हा बारा स्लिपा, बोनाफाईड आणि होस्टेलची पावती हाताशी हवी. उलटही घडते. पेरोलने डोळे झाकून होस्टेलचे पूर्ण 7,200 करमुक्त केले आणि फॉर्म 16 मध्ये 9,600 ची सूट आली. अशा वेळी फॉर्म 16 मध्ये आहे म्हणून तीच रक्कम चालवू नये. 5,100 लिहून उरलेल्या 4,500 वरचा 936 रुपये कर भरून टाकावा. विवरणपत्रावर सही तुमची असते, पेरोलची नसते.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी

रेल्वे, टपाल, आयुध निर्माणी अशा ठिकाणी काम करणाऱ्या पालकांना याच नावाचा भत्ता बराच मोठा मिळतो. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर पोचल्यावर 1 जानेवारी 2024 पासून तो दर मुलामागे दरमहा 2,812.50 झाला आणि होस्टेल सबसिडीची मर्यादा दरमहा 8,437.50. शिक्षण भत्ता सहसा शैक्षणिक वर्ष संपल्यावर शाळेच्या दाखल्यावर एकरकमी मिळतो. नवरा-बायको दोघे सरकारी नोकरीत असतील तर एकालाच घेता येतो.

सरकारने दिलेला आहे, शाळेच्या दाखल्यावर दिलेला आहे, म्हणजे तो पूर्ण करमुक्त असणार, असा समज ऑफिसातच पक्का झालेला असतो. तसे नाही. दोन मुलांचे वर्षाला 67,500 रुपये मिळाले तर जुन्या प्रणालीत सूट त्याच 2,400 ची आणि 65,100 करपात्र. 20 टक्क्यांच्या टप्प्यात त्यावर सुमारे 13,541 रुपये कर बसतो. नव्या प्रणालीत सगळे 67,500 करपात्र. ज्या महिन्यात ही रक्कम जमा होते त्या महिन्यात टीडीएस एकदम वाढलेला दिसतो, त्याचे कारण हेच. वर्षाच्या सुरुवातीला कराचा अंदाज बांधताना ही रक्कम धरली तर मार्चमध्ये पगार रिकामा होत नाही.

1 एप्रिल 2026 नंतरचा पगार

या तारखेपासून आयकर कायदा 2025 लागू झाला आणि त्याच्यासोबत नवे नियम आले. 2026 च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या नियमांच्या मसुद्यात शिक्षण भत्त्याची मर्यादा दर मुलामागे दरमहा 3,000 आणि होस्टेल भत्त्याची 9,000 सुचवली होती. 2026-27 चा हिशेब करताना अंतिम अधिसूचित नियमांतला आकडा पाहून घ्यावा. मोजणीची रीत मात्र तीच धरायची: मूल, महिना, आणि दोहोंत कमी ती रक्कम.

मर्यादा वाढली की पहिली नजर स्लिपवर टाकावी. बाईंच्या स्लिपमध्ये शिक्षण भत्ता 200 आणि होस्टेल भत्ता 600 एवढाच राहिला, तर मर्यादा कितीही वाढो, त्यांना सूट त्या 200 आणि 600 च्या आतच मिळेल, कारण मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त सूट देता येत नाही. वाढीव मर्यादेचा फायदा हवा असेल तर जुन्या प्रणालीत राहणाऱ्याने स्पेशल अलाउन्समधली रक्कम या दोन भत्त्यांकडे वळवून घ्यावी लागेल. जितक्या उशिरा वळवाल तितके महिने जातील, म्हणून हा अर्ज एचआरकडे वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच द्यावा.